‘मग जाऊन ये ना’ म्हणणाऱ्या नवऱ्याला सौदाद कशी सांगावी?

ताई, मी मूळची मडगावची. लग्न होऊन सहा वर्षं झाली, डोंबिवलीत राहते. नवरा साताऱ्याचा. माझी आजी घरात पोर्तुगीज बोलायची, त्यामुळे ‘सौदाद’ हा शब्द लहानपणापासून कानावरचा. आजी गेली, घरही विकलं गेलं. आमच्या गल्लीत सकाळी सायकलवरून इडलीवाला भोंगा वाजवत येतो. गोव्यात पोदेर पाव घेऊन यायचा, तोही असाच भोंगा वाजवायचा. तो आवाज आला की माझा घसा दाटतो. परवा नवऱ्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, सौदाद. तो आधी हसला, ‘कसला सौदा?’ मग म्हणाला, ‘शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकड आणि जाऊन ये ना.’ मी चिडून म्हटलं, तुमच्या मराठीत हा शब्दच नाही, तुला नाही कळायचं. दिवसभर गप्प होता. रात्री म्हणाला, ‘गणपती-दिवाळी साताऱ्याला आनंदात होते, इथे सगळं आहे. तुला कमी काय आहे ते सांग एकदा.’ वर लिस्बनची मावशी फोनवर ‘मातार सौदादश’ म्हणत असते, त्याचा अर्थ मी ‘आठवणी मारायच्या’ असा सांगितला, तर म्हणाला, मग मारून टाक की. याला मराठीत कसं समजावू?

— मडगावची

आधी ते ‘तुमच्या मराठीत’ मागे घ्या. तोंडातून निघून गेलं हे कळतं, पण तो दिवसभर गप्प बसला तो सौदाद न कळल्यामुळे नव्हे, त्या ‘तुमच्या’मुळे. बाकी हा तोरा तुमच्या एकटीचा नाही. पोर्तुगालचा राजा दुआर्ते 1433 ते 1438 गादीवर होता. त्यानेही लिहून ठेवलंय की या शब्दाच्या तोडीचा शब्द लॅटिनमध्येसुद्धा नाही. वेल्श माणूस ‘हिराइथ’बद्दल हेच सांगेल आणि रुमानियाचा माणूस ‘दोर’बद्दल. उद्या तुमच्या नवऱ्याने ‘कातरवेळ’ हा शब्द मावशीपुढे ठेवला आणि म्हणाला, सांगा एका शब्दात, तर मावशी अडकेल. संध्याकाळला पोर्तुगीजमध्ये शब्द आहेत, पण दिवेलागणीला उगाच जीव कसनुसा होतो तो सगळा प्रकार पोटात घेऊन बसलेला शब्द त्यांच्याकडे माझ्या तरी ऐकण्यात नाही. तेव्हा फिटंफाट झाली असं समजा आणि पुढे चला.

आता तुमच्या नवऱ्याची बाजू घेते. रागावू नका. ‘जाऊन ये ना’ हे त्याचं उत्तर मराठीच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे.

आपल्या घरांत ‘माहेरची आठवण येते’ हे वाक्य कित्येक पिढ्या कशासाठी वापरलं गेलं ते आठवा. सुनेला थेट ‘मला चार दिवस पाठवा’ असं म्हणायची सोय नव्हती. मग ती भाकरी थापता थापता म्हणायची, आईची आठवण येते हो. समजूतदार सासू असेल तर त्यातलं काय ते ओळखायची आणि भावाला निरोप जायचा. म्हणजे आठवण येते हे वाक्य दिसायला मनाचं, पण काम करायचं अर्जाचं. ‘करमत नाही’चंही तसंच. वसतिगृहातला मुलगा फोनवर ‘करमत नाही’ म्हणाला की बाप लगेच विचारतो, येतोस का शनिवारी? करमत नाही या बोलण्यात काहीतरी बिघडलंय आणि ते कुणीतरी दुरुस्त करायचंय, हे धरलेलंच असतं.

त्यामुळे तुम्ही डोळे भरून ‘सौदाद’ म्हणालात तेव्हा त्याच्या कानावर अर्ज पडला आणि त्याने तो तत्काळ मंजूर केला. गाडीचं नावसुद्धा सांगितलं. त्यावर तुम्ही चिडलात. मग त्याने त्याच्या परीने पुढचा अर्थ काढला: अर्ज जाण्याचा नसेल तर तक्रार असणार, आणि तक्रार असेल तर ती माझ्या घराबद्दल. ‘तुला कमी काय आहे’ हा प्रश्न तिथून आला. त्याची चूक भावनेत नाही, व्याकरणात आहे. आणि व्याकरणातली चूक दुरुस्त करणं फार सोपं असतं, निदान नवऱ्याच्या स्वभावापेक्षा तरी.

ती कशी करायची? शब्दाला शब्द शोधत बसलात तर फसाल. मी फसले आहे. पोर्तुगीज शिकत होते तेव्हा वहीत सौदादसमोर ‘हुरहूर’ लिहून मोकळी झाले होते. नाद जुळतो, कातरवेळही जुळते. पण हुरहूर बहुतेक वेळा पुढच्या गोष्टीची असते. मुलगी परगावी निघाली, परीक्षेचा निकाल लागायचाय, काहीतरी होणार आहे आणि काय ते ठाऊक नाही, अशा वेळी हुरहूर लागते. ती कशाची आहे हे सांगता आलं नाही तरी चालतं. सौदादला ते चालत नाही. ती नेहमी कुणाची तरी किंवा कशाची तरी असते आणि ते काय हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं: आजीची, त्या भोंग्याची, घरापुढच्या बलकांवावर बसून पावाचा कडक कोपरा मोडण्याची.

‘ओढ’ घ्यावी तर ती माणसाला चालायला लावते. ओढ लागली की पाय त्या दिशेला वळतात, म्हणून वारकऱ्याला पंढरीची ओढ असते. ज्या घराची किल्लीच आता दुसऱ्याकडे आहे, तिथे ओढीने जाऊन करायचं काय? ‘विरह’ तर तुमच्या नवऱ्यासमोर उच्चारूच नका. तो नाट्यसंगीत म्हणायला लागेल.

मग उरते साधी आठवण. तिच्यापाशी थोडं थांबू, कारण तुमचं उत्तर तिच्या क्रियापदात आहे. मराठीत आठवण येते. ती पाहुण्यासारखी असते. न सांगता येते, बसते, निघून जाते. ‘मला तुझी आठवण येते’ या वाक्यात मी काहीच करत नाही, जे काय करते ते आठवण करते. पोर्तुगालमध्ये मात्र म्हणतात, ‘तेन्यु सौदादश’. शब्दशः पाहिलं तर माझ्याजवळ सौदादी आहेत, आठवणींसारखं अनेकवचन. जवळ असणं, बाळगणं हे तिथलं क्रियापद आहे. घर आहे, पैसे आहेत, दोन भाऊ आहेत, तशी सौदाद आहे. ब्राझीलमध्ये तिचा उच्चार बहुतेक ठिकाणी ‘सौदाजी’ होतो आणि बोलताना बहुतेक वेळा ती माणसाजवळ नसते, माणूसच तिच्यासोबत असतो. पण येऊन-जाऊन असलेली पाहुणी ती दोन्हीकडे नाही.

हे नवऱ्याला सांगताना व्याकरण सांगू नका, पाटली सांगा. आजीची एखादी पाटली किंवा अंगठी तुमच्याकडे आली असेलच. नसेल तर सासूबाईंकडे त्यांच्या आईची असेल. ती रोज कुणी घालत नाही. मोडीतही काढत नाही. वर्षातून एकदा कपाट आवरताना हातात येते. डबी उघडायची, बोटात किंवा मनगटात घालून बघायची, डोळे भरतात, पुन्हा ठेवून द्यायची. आता त्याला विचारा, तुझी आई ती डबी उघडून बसते तेव्हा बाबा म्हणतात का, एवढं रडू येतं तर विकून टाक? किंवा, माझ्या घरात तुला दागिन्यांना कमी काय आहे? नाही म्हणत. कारण तिथे काही कमी नसतं. उलट एक गोष्ट जास्तीची असते. सौदाद तशी आहे: माझ्याजवळ आजीची पाटली आहे, आजीची सौदाद आहे. ‘तुला कमी काय’ याचं उत्तर हेच, की कमी काही नाही, हे वरचं आहे.

आता ‘मातार’. इथे चूक तुमची आहे, आणि ती मीही केली होती, तीही वर्गात सगळ्यांसमोर. मातार म्हणजे ठार मारणं, हे खरं. पण पोर्तुगीजमध्ये भूकही मारतात आणि तहानही. ‘मातार आ सेद’ म्हणजे तहान भागवणं. आपण तिथे ‘तहान मारली’ म्हणत नाही, मग सौदादलाच का मारायचं? मावशी जेव्हा म्हणते की डिसेंबरमध्ये गोव्याला येऊन सौदाद मारायची आहे, तेव्हा ती आठवणी पुसून टाकायचं बोलत नसते. ती तहान भागवायचं बोलत असते: पोटभर बोलू, खाऊ, रडू, जीव शांत होईल.

हे एकदा कळलं की दोन गोष्टी आपोआप सुटतात. सौदाद भूक-तहानेच्या रांगेत बसते, त्यामुळे ती पुन्हा लागणं हा कुणाचा अपमान राहत नाही. काल एवढं पाणी दिलं होतं, आज पुन्हा तहान कशी, असं कुणी विचारत नाही. आणि तुमच्या नवऱ्याला करायला काहीतरी मिळतं, जे अशा माणसांना फार लागतं. घर परत आणणं त्याच्या हातात नाही, पण भागवणं आहे. एखाद्या रविवारी कोपऱ्यावरच्या बेकरीतून गरम पाव आणून शेजारी बसला, आणि ‘हा गोव्यासारखा नाही ना?’ एवढं विचारून तुम्हाला दहा मिनिटं बोलू दिलं, तर मातार झालं. फक्त ‘झालं ना आता बरं?’ असं विचारू नकोस, हे आधी सांगून ठेवा. ते तो विचारणारच.

पण एवढ्यानेही त्याच्या पोटात ही गोष्ट उतरेल असं मला वाटत नाही. पाटली तुमची, मावशी तुमची, भोंगा तुमचा. दुसऱ्याची सौदाद ऐकून कळत नाही. त्याच्याजवळची एखादी दाखवावी लागते, आणि ती त्याच्याजवळ आहे. तुम्हीच लिहिलंय, गणपतीला साताऱ्याला जाता.

विसर्जनाच्या संध्याकाळी काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. गणपती नदीवर पोचवून मंडळी परत येतात. पायांना चिखल लागलेला असतो. ज्या पाटावरून मूर्ती नेली त्याच पाटावर नदीतली चिमूटभर वाळू परत आणतात. पाट पुन्हा मखरात ठेवतात. दिवा तेवत असतो, मागची लाइटची माळ अजून कुणी बंद केलेली नसते, कापराचा आणि सुकत आलेल्या दुर्वांचा वास खोलीत भरलेला असतो. आणि मध्ये, जिथे पाच दिवस सगळं घर बघत होतं, तिथे नुसता पाट आणि त्यावर ती वाळू. खिरापत वाटली जाते. कुणीतरी म्हणतंच, घर कसं सुनं सुनं वाटतंय नाही? कुणी उत्तर देत नाही. सगळे तिथेच बसून राहतात. उठून मखर आवरावं असं कुणाला वाटत नाही. ते सुनेपण वाईट असतं आणि त्यातून उठवत नाही, म्हणजे ते थोडं आवडतही असतं.

ही सौदाद आहे. संपूर्ण, काही न वगळता. कुणाची हे ठाऊक आहे. गेला हे ठाऊक आहे. नेऊन पोचवणारे आपणच होतो, आणि पोचवताना ‘पुढच्या वर्षी लवकर या’ असं ओरडतही होतो. दुःख आणि गोडी वेगळी काढता येत नाही. आणि तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे, त्या खोलीत बसून आजवर कुणीही ‘मग जाऊन घेऊन ये ना परत’ असं म्हटलेलं नाही. ‘एवढं वाईट वाटतं तर दुसरी मूर्ती आण’ असंही नाही. तुमचा नवरा लहानपणापासून त्या पाटासमोर बसलाय. त्याला ही भावना आहे, ती आली की काय करायचं तेही ठाऊक आहे: काही करायचं नाही, बसायचं. त्याच्याकडे फक्त तिच्यासाठी सुटा शब्द नव्हता, म्हणून ती डोंबिवलीत भोंग्याच्या वेषात आली तेव्हा त्याने ओळखली नाही.

म्हणून त्याला एवढंच सांगा: ‘विसर्जनानंतर तुमच्याकडे घर कसं होतं, तसं मला त्या भोंग्याने होतं. मला कुठे जायचं नाहीये. तू फक्त थोडा वेळ बस.’ तीन वाक्यं. घसा दाटलेला असताना नका सांगू, तेव्हा तो पुन्हा गाडीचं वेळापत्रक काढेल. एखाद्या साध्या रात्री, भांडी आवरताना सांगा.

इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. एक म्हणजे तो याला शोक समजेल आणि आजीचं नाव निघालं की आवाज खाली करून बोलायला लागेल. तसं दिसलं तर आजीची एखादी हसण्याजोगी गोष्ट सांगा. ज्या आठवणीवर हसताही येतं तीच सौदाद. हसू येतच नसेल, खाणं-झोप उडाली असेल, महिनोन्‌महिने तेच चाललं असेल, तर ते दुसरं काहीतरी आहे आणि त्यासाठी शब्दकोश नव्हे, डॉक्टर लागतो. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही.

दुसरं म्हणजे शब्द कळल्यावर तो तो वाट्टेल तिथे वापरेल. ‘आईच्या हातच्या झुणक्याची सौदाद होतेय’ म्हणेल आणि तुम्हाला वाटेल, आजीच्या शब्दाची याने काय दशा केली. तेव्हा गप्प बसा, कारण तो बरोबर आहे. ब्राझीलमध्ये माणसं आईच्या हातच्या घेवड्याची सौदाद खुशाल बोलून दाखवतात. हा शब्द देव्हाऱ्यातला नाही, स्वयंपाकघरातला आहे.

आणि मावशीचा फोन आलाय तर तिच्याकडून आणखी एक वाक्य त्याच्यासाठी मागून घ्या. कुणी चांगलं माणूस गेलं, किंवा कुणी पाहुणा चार दिवस राहून परत निघाला, की पोर्तुगीजमध्ये म्हणतात, ‘दैशोउ सौदादश’. म्हणजे सौदादी मागे ठेवून गेला. आपण म्हणतो, जीव लावून गेला. दोन्हींत कर्ता कोण आहे बघा: जाणारा. राहिलेल्याचं काही उणं नाही, जाणाऱ्याने काहीतरी ठेवलंय. मराठीत वाक्य अगदी तयार आहे. ‘आजी जीव लावून गेली.’ हे ऐकल्यावर ‘तुला इथे कमी काय आहे’ असं विचारणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय.

मग त्याची पाळी. तो साताऱ्याचा, म्हणजे लहानपणी गुऱ्हाळावर गेला असणार. त्याला विचारा, गुऱ्हाळ कुठे होतं, काकवी कशात प्यायचा, गरम गूळ पळीवरून चाटताना कुणी ओरडायचं का. तो सांगायला लागेल, मध्येच थांबेल, आणि म्हणेल, आता तिथे काही नाही, बंद झालं ते. तेव्हा तुमच्या जिभेवर येईल की मग सुट्टीत चालू असलेलं दुसरं एखादं बघून येऊ या. ते तेवढं बोलू नका.